घड्याळ एअरप्लेन मोडवर टाकलंय, पण चुंबकाला ते कुठं कळतंय?

सोलापुरात एमआरआयचं वेटिंग म्हणजे पेशंट एक आणि सोबत माणसं चार. अक्कलकोट नाहीतर मंगळवेढ्याकडून गाडी करून आलेली, डबा घेऊन. टेक्निशियन बाहेर येऊन ओरडतो, "अंगावरचं सगळं मेटल काढा," आणि हमखास कुणीतरी म्हणतंच, "घड्याळ एअरप्लेन मोडला टाकलंय की, आता काय होतंय बे?" म्हणजे डोक्यात असं पक्कं बसलंय की घड्याळाच्या सिग्नलचा मशीनला त्रास होतो, विमानात होतो म्हणतात तसा. खरं तर मशीनच घड्याळाला त्रास देणार आहे, आणि घड्याळ पूर्ण बंद करून खिशात टाकलं तरी त्यात काही फरक पडत नाही.

दुसरा गैरसमज यापेक्षा वाईट. मशीनचा तो ठकठक-घर्रघर्र आवाज थांबला की मशीन बंद झालं असं लोकांना वाटतं. आवाज स्कॅनच्या वेळी भराभर चालू-बंद होणाऱ्या छोट्या कॉइल्सचा असतो. मुख्य चुंबक वेगळाच, आणि तो रात्री, रविवारी, दिवाळीतसुद्धा चालूच असतो. नायोबियम-टायटेनियमच्या तारेची गुंडाळी उणे २६९ अंशाच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेली असते, एवढ्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला करंट फिरतच राहतो, लाइट गेली तरी. घाईनं बंद करायचा तर आतला हेलियम उकळून बाहेर जाऊ द्यावा लागतो, आणि ते फार महागात पडतं, म्हणून एरवी कुणी बंद करत नाही.

आता हे बघा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये एक ३२ वर्षांचा माणूस ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट ओढला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं आम्हाला सांगितलं होतं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला ६१ वर्षांचे एक गृहस्थ, गळ्यात व्यायामाची जवळपास ९ किलोची साखळी, मशीननं ओढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी गेले. बायकोच्या सांगण्याप्रमाणे तिच्या गुडघ्याचा स्कॅन झाल्यावर तिला उठवायला ते आत आले होते. दोन्हीकडे पेशंट सुखरूप आणि अडकला तो सोबतचा माणूस! पेशंटला गाऊन घालतात, फॉर्म भरून घेतात, दोनदा विचारतात. पण स्कॅन झाल्यावर "आईला जरा हात द्या" म्हणून आत गेलेल्या मुलाच्या मनगटाकडे कुणाचं लक्ष असतं का?

आता माझा आवडीचा भाग, थोडा लांबेल.

सोलापुरात उभं राहिल्यावर पृथ्वीचं जे चुंबकीय क्षेत्र आपल्याला लागतं ते साधारण ४० मायक्रोटेस्ला. नेहमीचं एमआरआय मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे ३७ हजार पटीच्या आसपास. लोक हा आकडा ऐकून म्हणतात, एवढं जोरदार आहे म्हणून ओढतं. तर नाही! नुसतं क्षेत्र कितीही जोरदार असलं तरी तेवढ्यानं ओढ लागत नाही. शाळेतला लोहचुंबक आठवा. लोखंडाचा तुकडा चुंबकीय क्षेत्रात आला की तो स्वतःच तात्पुरता चुंबक बनतो, त्याला दोन टोकं येतात, उत्तर आणि दक्षिण. एका टोकाला पुढं ओढ, दुसऱ्याला मागं. क्षेत्र दोन्ही टोकांशी सारखंच असेल तर पुढची आणि मागची ओढ तंतोतंत कटते आणि तुकडा जागचा हलत नाही, फार तर गर्रकन फिरून क्षेत्राच्या दिशेत उभा राहील. ओढ लागायची असेल तर एका टोकाशी क्षेत्र जास्त आणि दुसऱ्याशी कमी पाहिजे, म्हणजे क्षेत्राला उतार पाहिजे. पठार कितीही उंच असू द्या, त्याच्यावर ठेवलेला चेंडू घरंगळत नाही, घाटात मात्र घरंगळतो, तसंच हे.

म्हणून मशीनच्या बोगद्याच्या अगदी मध्यावर, जिथं क्षेत्र सगळ्यात जास्त असतं, तिथं ओढ जवळपास शून्य असते, कारण इंजिनिअर लोकांनी जीव टाकून ते क्षेत्र सपाट केलेलं असतं (सपाट नसेल तर फोटोच नीट येत नाही). सगळा उतार बोगद्याच्या तोंडाशी. आणि गंमत म्हणजे मशीन जितकं आधुनिक तितका हा घाट अवघड. जुन्या मशीनचं क्षेत्र लांबवर पसरायचं, शेजारच्या खोलीतसुद्धा. मग बाहेरून उलट्या दिशेची आणखी एक गुंडाळी बसवून ते आवरायला सुरुवात झाली. त्यामुळं आता १.५ टेस्लाच्या मशीनपासून साधारण ४ मीटरवर क्षेत्र जेमतेम अर्धा मिलिटेस्ला उरतं, दारात उभ्या माणसाला काहीच जाणवत नाही, पण तिथून बोगद्यापर्यंत ते हजारो पटीनं चढतं आणि बरीचशी चढण शेवटच्या एक-दोन पावलांत होते. काही होत नाहीये असं म्हणत माणूस पुढं जातो आणि पुढच्या पावलाला हातातली वस्तू गेलेली असते.

आता जरा हिशोब करू, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. लोखंड एका मर्यादेपर्यंतच चुंबक बनतं, त्यानंतर क्षेत्र वाढवलं तरी ते आणखी बनत नाही, म्हणजे त्याचं पोट भरतं. असं पोट भरलेलं १ ग्रॅम स्टील घेतलं, आणि क्षेत्राचा उतार दर मीटरला १ टेस्ला असला, तर त्याला साधारण २२ ग्रॅम वजनाएवढी ओढ लागते. बोगद्याच्या तोंडाशी उतार दर मीटरला ३ टेस्ला धरू, काही मशीनमध्ये याहून जास्तही असतो. म्हणजे ओढ झाली ६५ ग्रॅमच्या आसपास, स्वतःच्या वजनाच्या ६५ पट.

स्मार्टवॉचमध्ये लोखंड आणि चुंबक मिळून समजा ३ ग्रॅम, तर ओढ दोनशे ग्रॅमभर. म्हणजे खरं सांगायचं तर पट्टा बांधलेलं घड्याळ मनगट तोडून बुलेटसारखं उडत नाही, व्हिडिओत काहीही दाखवू द्यात. मनगटाला हिसका बसेल, पट्टा ढिला असेल किंवा नुसत्या चुंबकानं चिकटणारा असेल तर घड्याळ निसटून आत जाऊन आपटेल, तिथं पेशंटचं डोकं असलं तर लागेल. आता तेच ६५ पट त्या ९ किलोच्या साखळीला लावा. पाचशे-सहाशे किलो! हिशोब ढोबळ आहे, वस्तूचा आकार आणि जागा बदलली की आकडा बदलतो, पण साखळी आणि घड्याळ यांच्यात फरक नुसता ग्रॅमचा आहे, बाकी नियम तोच.

यावर काही जण म्हणणार, "माझं घड्याळ अल्युमिनियमचं आहे, फ्रिजचं चुंबक लावून बघितलं, चिकटत नाही." बाहेरची डबी नसेल चिकटत. पण मनगटावर टकटक करून जागं करणाऱ्या व्हायब्रेशनच्या यंत्रात चुंबक असतो, स्पीकरमध्ये असतो, चार्जर पाठीला बरोबर बसावा म्हणून बऱ्याच घड्याळांत आणखी एक असतो. हे कायमचे चुंबक, तात्पुरते नाहीत, म्हणून बोगद्याच्या सपाट मध्यावरसुद्धा ते गप्प बसत नाहीत, क्षेत्राच्या दिशेत फिरायला बघतात. असा १ ग्रॅमचा चुंबक १.५ टेस्लात आडवा धरला तर त्याला बसणारा पीळ म्हणजे एक सेंटिमीटरच्या दांडीला २ किलो लटकवल्यासारखा. घड्याळातले चुंबक याहून लहान असतात, पण ते चिकटवलेत कशानं, तर डिंकानं आणि बारक्या स्क्रूनं. आणि चुंबकाला फिरता आलं नाही, तो उलट्या दिशेला तोंड करून अडकूनच राहिला, तर बाहेरचं क्षेत्र त्याच्या आतलं चुंबकत्व कमी करतं किंवा चक्क उलटं करतं. ३ टेस्लाच्या मशीनमध्ये ही शक्यता जास्त.

म्हणून चुकून घड्याळ आत जाऊन आलं तर ही लक्षणं बघा. व्हायब्रेशन मंद किंवा बंद. स्पीकरचा आवाज फाटका. होकायंत्र हवेत आठचा आकडा काढून सेट केलं तरी भलतीकडं उत्तर दाखवतंय. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे चार्जर पूर्वीसारखा टपकन चिकटत नाही, ढकलला जातो. तसं झालं की घड्याळातल्या चुंबकाची ताकद गेलीय किंवा दिशा उलटलीय, रिस्टार्ट मारून काही होणार नाही. घड्याळ गरम लागत असेल किंवा काच उचललेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका, बॅटरीला धक्का बसलेला असू शकतो.

मनगटाचं काय? स्कॅन चालू असताना मशीन रेडिओ लहरी सोडतं, १.५ टेस्लाला ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास. धातूचा पट्टा म्हणजे मनगटाभोवतीचं बंद कडं, त्यात करंट तयार होतो, पट्टा तापतो, खालची कातडी भाजते. आवाजात आणि धडधडीत पेशंटला ते वेळेवर कळेलच असं नाही, म्हणून टेक्निशियनला बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबायला लाजू नका.

इथं एक बोलतोच. गड्ड्याच्या जत्रेत आणि मोबाइलवर सारखी जाहिरात असते ते मॅग्नेटिक ब्रेसलेट, रक्तातलं लोह खेचून रक्ताभिसरण सुधारतं म्हणे. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये एकेक अणू करून बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही, आणि ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. त्या ब्रेसलेटनं रक्त खेचलं जात असतं तर १.५ टेस्लाच्या बोगद्यात गेलेला माणूस जिवंत बाहेर आलाच नसता. दंडावरच्या धातूच्या ताइताचंही तेच, श्रद्धा तुमची, पण अर्धा तास काढून बाहेर घरच्यांकडं द्या, डबी तांब्याची म्हणून दिलेली असते आणि कडी निघते लोखंडाची.

राहिलं सिक्युरिटी चेकिंग. होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची विमानं सुरू झाल्यापासून हा प्रश्न इथं पण येतो, की त्या दारातून गेल्यावर घड्याळ खराब होतं का. नाही होत. ते दार धातूमध्ये हलकासा करंट उठवून त्याची चाहूल घेतं, त्याचं क्षेत्र एमआरआयपेक्षा हजारो पटीनं कमी. ट्रेमध्ये ठेवून एक्स-रेमधून घड्याळ गेलं तरी त्यातला डेटा पुसला जात नाही. काढायला सांगतात ते नुसतं दार वाजू नये, तुम्हाला परत फिरायला लागू नये म्हणून. खरा धोका ट्रेमध्ये घड्याळ विसरण्याचा, ते बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावा.

फक्त एक गोष्ट उलटी लक्षात ठेवायची. हे दार सोनं, तांबं, अल्युमिनियम सगळ्याला वाजतं, कारण त्याला वीज वाहून नेणारी कुठलीही वस्तू चालते. एमआरआयचा चुंबक मात्र लोखंडाच्या जातीच्या धातूंनाच ओढतो. सोन्याची बांगडी दार वाजवेल पण बोगद्याकडं उडणार नाही (तापू शकते, म्हणून तिथंही काढायचीच). उलट केसातली बारकी लोखंडी पिन एखाद्या दारातून न वाजता जाईल आणि एमआरआयच्या खोलीत सुसाट सुटेल. त्यामुळं "विमानतळावर चाललं होतं की" हे उत्तर टेक्निशियनला देऊन उपयोग नाही.