आठ फरशा, दहा कुंई

बहिणीची बाबागाडी अलिबागहून परत आली ती आवाज घेऊनच. "दादा, जरा तेल घाल ना रे त्यात, लिफ्टपर्यंत जाईतो अख्खा मजला जागा होतो," एवढं सांगून ती गाडी माझ्याकडे सोडून गेली. तेलाची बाटली हाताशीच होती. पण चार चाकांपैकी कुठलं कुरकुरतंय हे कळल्याशिवाय तेल घालणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं. चाकाचं निदान मात्र सोपं आहे. त्याला नीट ऐकणारे कान आणि मोजता येणारी फरशी पुरते.

आमच्या हॉलमध्ये दोन फुटी फरशा आहेत. अशा आठ फरशांचं अंतर सोळा फूट, म्हणजे ४.८८ मीटर. गाडीची पुढची चाकं १५ सेंटिमीटर व्यासाची, मागची २५ सेंटिमीटरची. पुढच्या चाकाचा एक फेरा सुमारे ४७ सेंटिमीटरचा होतो आणि मागच्याचा ७८ सेंटिमीटरचा. त्यामुळे आठ फरशा ओलांडताना पुढचं चाक दहापेक्षा जरा जास्त फेरे घेतं आणि मागचं सहापेक्षा जरा जास्त. भाचीच्या जागी दहा किलो तांदळाची पिशवी बसवली, गाडी संथपणे ढकलली आणि 'कुंई' मोजले. दहा. दोनदा मोजले, दहाच. दोष पुढच्या चाकात होता. मग हँडल एका बाजूला दाबून आधी उजव्या, मग डाव्या चाकावरचं वजन हलकं केलं. डावं हलकं झालं तेव्हा आवाज गेला.

प्रत्येक फेऱ्याला आवाज एकदाच येतो, यातूनही काही कळतं. अशा गाडीत चाकाच्या मधोमध पोलादी दांडी असते. तिला आस म्हणू. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या गाडीच्या चिमट्यात आस घट्ट बसलेला असतो, तो फिरत नाही. त्याच्याभोवती चाकाचा तुंबा फिरतो. तुंब्याच्या भोकात प्लास्टिकची नळी बसवलेली असते. कारागीर तिला बुश म्हणतात. वजन कायम आसाच्या खालच्या अंगावर येतं आणि बुशचा प्रत्येक भाग फेऱ्यातून एकदा तिथून जातो. म्हणून फेऱ्याला एकच कुंई येत असेल, तर फिरणाऱ्या भागात एका ठिकाणी काहीतरी रुतलेलं असावं. सलग कुरकुर असेल, तर सगळंच कोरडं पडलेलं आहे.

आता मुळात आवाज का येतो? घर्षण जास्त असलं की आवाज जास्त, असं आपण धरून चालतो, पण ते खरं नाही. आवाज घर्षणाच्या प्रमाणाहून त्याच्या लहरीपणावर जास्त अवलंबून असतो. स्थिर वस्तूला हलवायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर ती हलती ठेवायला पुरतो. जड कपाट सरकवताना हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. कूलाँब या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकातच हा फरक मोजला होता. कोरड्या बुशमध्ये तेच बारीक प्रमाणावर घडतं. बुश आसाला क्षणभर चिकटतो, चाक फिरत राहिल्याने थोडा पिळला जातो, मग सुटून पुढे घसरतो आणि पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की तुंबा आणि पोकळ प्लास्टिकचं चाक थरथरतं, आणि ती थरथर आपल्या कानाला कुंई म्हणून ऐकू येते. व्हायोलिनची तारही गजाखाली अशीच चिकटत-सुटत वाजते. वादक गजाला राळ लावतात ती हे चिकटणं नीट व्हावं म्हणून. आपल्याला इथे नेमकं उलट हवं आहे.

बहिणीची दुसरी तक्रार होती, गाडी जड चालते. हा आवाजापेक्षा वेगळा आजार आहे, आणि दोन्हींना एकच औषध समजलं की घोटाळा होतो. थोडा हिशोब करून पाहू. भरलेली गाडी १८ किलोची, म्हणजे एका चाकावर साधारण साडेचार किलो. पोलाद आणि प्लास्टिक कोरडे घासताना वजनाच्या साधारण ०.३ पट विरोध होतो असं धरू. म्हणजे आसाच्या पृष्ठभागावर सुमारे १.३५ किलोचा अडथळा. पण आसाची त्रिज्या ४ मिलिमीटर आणि चाकाची ७५. तरफेच्या नियमाने हा अडथळा चाकाच्या कडेला येईतो जवळजवळ एकोणिसाव्या हिश्श्यावर येतो. ढकलणाऱ्याच्या वाट्याला एका चाकामागे सत्तर-बाहत्तर ग्रॅम उरतात. चाकाची करामत ती हीच. म्हणजे आस ठणठणीत कोरडा असला, तरी नुसत्या त्या कारणाने गाडी फारशी जड होऊ नये.

मी प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा पुढच्या आसापाशी अडकवला आणि गाडी जमिनीला समांतर, एका लयीत ओढली. काटा १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास राहिला. कोरड्या बुशांच्या हिशोबात हे बसत नव्हतं. आणखी काहीतरी अडत होतं.

गाडी वर्तमानपत्रावर उलटी केली. पुढची चाकं चिमट्यातली कळ दाबली की निघतात. काही गाड्यांत टोपी काढून आतली सर्क्लिप, म्हणजे चाक आसावर अडवून धरणारी स्प्रिंगची कडी, सोडवावी लागते; ती उडून हरवते, म्हणून वरून फडकं धरावं, आणि वॉशर-क्लिपा वाटीत ठेवून वाटी बाळापासून लांब ठेवावी. चाक निघालं आणि कारण दिसलं: केस. तुंबा आणि चिमटा यांच्यामधल्या फटीत लांब केसांचं घट्ट वेटोळं बसलं होतं, त्यात कसलासा निळा धागाही होता. केस ओढून निघत नाहीत. फेऱ्यागणिक ते आवळले गेलेले असतात आणि तुंब्याला बाजूने दाबतात. शिवाय हे घासणं आसावर न होता तुंब्याच्या तोंडाशी, मध्यापासून पंधरा-वीस मिलिमीटरवर होतं. तिथे एकोणीसपट सूट मिळत नाही, जेमतेम चार-पाच पट मिळते. गाडी जड करणारा खरा चोर हा, आणि त्याच्यावर कितीही तेल ओतलं तरी तो जागचा हलत नाही. शिवणकामातल्या टाके उसवायच्या हत्याराने मी वेटोळं आडवं कापलं आणि भुवयांच्या प्लकरने तुकडे उपटून काढले. दुसऱ्या पुढच्या चाकातही तसाच ऐवज निघाला.

डाव्या बुशच्या आत मात्र अलिबाग निघालं. वाळूचा एक कण प्लास्टिकमध्ये रुतून बसला होता, आणि आसाच्या खालच्या अंगावर नखाला जाणवेल असा चरा पडला होता. ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते: झिजायला हवं होतं मऊ प्लास्टिक, झिजलं पोलाद. वाळूतला गारगोटीचा कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतो. मऊ बुश त्याला पोटात घेतो, घट्ट धरतो आणि मग त्याच कणाने आसाला कानस मारत राहतो. म्हणून वाळू न काढता तेल घातलं, तर तेल आणि वाळू मिळून गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्टच तयार होते. आवाज थांबतो, झीज चालूच राहते.

सुईच्या टोकाने कण काढला. चाकं साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, बुशमधून कापडाची वळी आरपार ओढली आणि ती स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहिलो. खाऱ्या हवेने आसावर आलेला तांबेरा बारीक पॉलिश पेपरने उतरवला, तो चराही गुळगुळीत केला, आणि सगळं पंख्याखाली तासभर वाळू दिलं. मग कोरडंच जोडून काटा पुन्हा लावला: ५०० ग्रॅम. थेंबभरही वंगण न घालता ओढ निम्म्याच्या खाली आली होती. कुंई मात्र बारीक आवाजात अजून होती.

वंगणाची पाळी आत्ता आली. कुठलं घालावं हे आसाच्या वेगावर ठरतं. चालण्याच्या वेगाला चाकाची कड सेकंदाला सुमारे १.१ मीटर पळते, पण आसापाशी घासण्याचा वेग असतो जेमतेम ६ सेंटिमीटर. मोटारीच्या इंजिनात वेग इतका असतो की तेल स्वतःच दोन धातूंमध्ये पाचरीसारखं घुसून त्यांना वेगळं उचलतं. इथे तो वेग नाही. पातळ तेल हळूहळू दाबलं जाऊन बाहेर निघतं, म्हणून चिकटून राहील असंच काही लागतं. घरोघरी असणारा डब्ल्यूडी-४० हा स्प्रे इथे अर्धवट कामाचा. नावातली डब्ल्यूडी ही अक्षरं पाणी हटवण्याच्या गुणावरून आली आहेत, आणि पाणी हटवणं, गंजलेलं सुटं करणं हे तो छान करतो. पण त्यातला द्रावक उडून गेल्यावर पातळ थरच मागे राहतो, आणि जाताना तो जुनं ग्रीसही धुऊन नेतो. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, तेव्हा पुण्याच्या डिसेंबरात त्याचा काय उपयोग! शेंगदाणा किंवा करडईचं तेल हवेने चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं.

प्लास्टिक बुश आणि पोलादी आस या जोडीला सिलिकॉनचं ग्रीस किंवा स्प्रे सगळ्यात बरा, कारण काही कडक प्लास्टिकांना खनिज तेलं आणि द्रावक बारीक तडे पाडतात, सिलिकॉन सहसा पाडत नाही. प्रमाण तांदळाच्या दाण्याएवढं. आसावर बोटाने पातळ पसरावं, चाक बसवून वीसेक फेरे द्यावेत आणि कडेला आलेलं जादा फडक्याने पुसून टाकावं, नाहीतर तीच धूळ गोळा करायची जागा होते. स्प्रे असेल तर आधी कापसाच्या काडीवर मारून मग लावावा. ब्रेकवर किंवा टायरवर उडाला तर गाडी थांबायच्या वेळी घसरेल. वंगण लावल्यावर काट्याने ३५० ग्रॅम दाखवले आणि आवाज पूर्ण गेला.

तुमच्या गाडीत बुशऐवजी छऱ्यांचं बेअरिंग असेल, तर त्याच्या कडेला बहुधा ६०८ हा आकडा कोरलेला दिसेल: भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. स्केटबोर्डच्या चाकांतही हेच असतं. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असेल तर ते उचकटून तेल घालत बसू नये. आतलं कडं बोटाने फिरवावं. खरखर लागली तर नवीन बसवावं, कारण छऱ्यांच्या वाटेवर एकदा खड्डे पडले की वंगण ते भरून काढत नाही. बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं की तो दाब छऱ्यांवर जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खड्डे पाडून घेतं. साध्या बुशचंही एका मर्यादेपलीकडे काही करता येत नाही. भोक लंबगोल होऊन चाक आसावर डुगडुगायला लागलं की बुश बदलायचा.

कुंई गेल्यावर आधी तिच्याखाली दबलेला दुसरा आवाज ऐकू आला, बारीकशी टकटक. पुन्हा आठ फरशा, पुन्हा मोजणी. या वेळी सहा आले. म्हणजे मागचं चाक. तिथला ब्रेकचा खिळा पूर्ण वर जात नव्हता आणि चाकाच्या आतल्या दात्यांच्या कड्यावरच्या एका उंच दात्याला दर फेऱ्याला टोक लावत होता. केबलवरची छोटी नटबोल्टची जोडी दीड फेरा आवळली. खिळा वर ओढला गेला आणि पुढच्या आठ फरशांत मोजायला काही उरलं नाही. मग ब्रेक लावून गाडी जोरात ढकलून पाहिली. ती जागची हलली नाही, तेव्हाच तांदळाची पिशवी खाली उतरवली.