प्रतिकाराची किंमत ओसरणे वेगळे, प्रतिकार ओसरणे वेगळे

जळगाव-धुळ्याकडे कपाशीवर जिवाणूजन्य करपा दिसला की कॉपर ऑक्सिक्लोराईडच्या द्रावणात स्ट्रेप्टोसायक्लिन मिसळून फवारण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्यातले मुख्य औषध स्ट्रेप्टोमायसिन असते. फवारणी थांबवली की औषधाला दाद न देणारे जिवाणू हळूहळू आपोआप नाहीसे होतील, असा समज खान्देशातच नव्हे, सर्वत्र आढळतो.

हा समज निराधार नाही. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेवर, घाव घालते. तिथल्या एस-12 या प्रथिनातील 42व्या जागेवरचा घटक बदलला की औषधाचा परिणाम होईनासा होतो, मात्र अशा काही बदलांमुळे प्रथिने घडण्याचा वेगही मंदावतो, आणि हीच प्रतिकाराची किंमत होय. औषध नसताना असा जिवाणू दर पिढीत 5 टक्के मागे पडतो असे धरले, तर निम्म्या-निम्म्या संख्येने सुरुवात करूनही 100 पिढ्यांनंतर सुमारे 170 साध्या जिवाणूंमागे एकच प्रतिकारक उरेल.

हा हिशेब किंमत कायम राहते असे गृहीत धरतो, आणि घोळ तिथेच होतो. मूळ वेग परत मिळवण्यासाठी जिवाणूला प्रतिकार सोडावाच लागतो असे नाही. प्रतिकार सोडायचा तर जनुकातला तोच बदल नेमका उलटावा लागतो, पण रायबोसोमच्या दुसऱ्या प्रथिनांत भरपाई करणारे बदल अनेक ठिकाणी होऊ शकतात, म्हणून तेच आधी घडण्याची शक्यता अधिक असते. 1990च्या दशकात ई. कोलायवर झालेल्या प्रयोगांत हेच दिसले: औषधाविना वाढवलेल्या प्रतिकारक जिवाणूंनी वेग बराचसा भरून काढला, पण प्रतिकार सोडला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भरपाई झालेल्या अशा जिवाणूत मूळचे साधे जनुक परत बसवले, तेव्हा तो मागे पडला. म्हणजे परतीची वाटच चढाची झाली होती.

म्हणूनच दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. औषध घातलेल्या माध्यमावर जिवाणू वाढतो का, यावरून प्रतिकार कळतो. औषधाविना साध्या जिवाणूसोबत एकाच नळीत वाढवल्यावर त्याचे प्रमाण घटते का, यावरून किंमत कळते. पहिल्या चाचणीत काहीच न बदलता दुसरीतली घट थांबली, तर ओसरली ती किंमत, प्रतिकार नव्हे. 42व्या जागेवरचा एक बदल तर मुळातच जवळजवळ बिनखर्चाचा असतो.

वनस्पतींवरील जिवाणूंत स्ट्रेप्टोमायसिनचा प्रतिकार पुष्कळदा अशा बदलातून न येता प्लाझ्मिडवरून, म्हणजे जिवाणूतील मुख्य गुणसूत्रापेक्षा वेगळ्या लहानशा डीएनए-कडीवरून, आलेल्या जनुकांमुळे येतो. त्याच प्लाझ्मिडवर तांब्याला दाद न देणारे जनुकही असेल, तर स्ट्रेप्टोसायक्लिन बंद करून नुसते कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारत राहिल्यानेही दोन्ही जनुके टिकून राहतात.