सायक्लोहेक्झीन जे सांगत नाही

सोलापुरात एम.एस्सी.ची जर्नल्स तपासताना एक वाक्य मला हमखास भेटतं : 'डायक्लोरोकार्बीनची अल्कीनवरील भर स्टिरिओस्पेसिफिक असल्याचे सिद्ध झाले.' म्हणजे अल्कीनमधले गट एकाच बाजूला, सिस, असोत की विरुद्ध बाजूंना, ट्रान्स, तीच मांडणी उत्पादनात कायम राहते. प्रयोग असतो सायक्लोहेक्झीनचा, आणि त्यातून यातलं काहीच सिद्ध होत नाही. सहा कार्बनच्या कड्यात दुहेरी बंध सिस असतो. त्याची दोन्ही टोकं उरलेल्या चार कार्बननी बांधलेली असल्यामुळे भर एका दमात होवो की दोन टप्प्यांत, हाती सिसच येणार. मग हा निष्कर्ष आला कुठून?

क्लोरोफॉर्मवर अल्कलीची क्रिया होताना मध्ये दोन क्लोरीनवाला, अष्टक अपुरं असलेला कार्बन तयार होत असावा, असं गॉइथर यांनी १८६२ मध्येच सुचवलं होतं. ती कल्पना बराच काळ बाजूला पडून राहिली. १९५० मध्ये जॅक हाइन यांनी अभिक्रियेचा वेग मोजून तिला आधार दिला : आधी प्रोटॉन निघतो, मग क्लोराइड सुटतं आणि डायक्लोरोकार्बीन उरतं. पण पाण्यात ते क्षणभरही टिकत नाही, त्याचं कार्बन मोनॉक्साइड आणि फॉर्मेट होऊन जातं. १९५४ मध्ये डोअरिंग आणि हॉफमन यांनी पाणीच काढून टाकलं. कोरडं पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड, क्लोरोफॉर्म आणि पकडायला सायक्लोहेक्झीन. तीन कार्बनचं कडं जोडलेलं डायक्लोरो संयुग मिळालं. कार्बीन खरंच असतं, हे त्यातून पटलं. ते भर कशी घालतं, हे मात्र कळलं नाही.

ते १९५६ मध्ये स्केल आणि गार्नर यांनी ब्युटीन घेऊन दाखवलं. कार्बीन त्यांनी डायब्रोमो वापरलं. २-ब्युटीनच्या टोकांना नुसते मिथिल गट असतात, त्यांना बांधणारं कडं नाही. त्यामुळे भर दोन टप्प्यांत झाली असती, तर पहिला बंध जुळल्यावर मधला एकेरी बंध फिरायला मोकळा होता आणि सिसमधून थोडं ट्रान्स डोकावलंच असतं. तसं झालं नाही. सिस-ब्युटीनमधून सिस-डायमिथिल सायक्लोप्रोपेन आलं, ट्रान्समधून ट्रान्स.

यातलं वजनदार टोक सिसचं आहे. ट्रान्स उत्पादनात गट एकमेकांना कमी अडतात, त्यामुळे फिरायला वाव असला तरी ट्रान्स अल्कीनमधून बहुतेक ट्रान्सच मिळेल. सिस शेवटपर्यंत सिस राहिलं, हीच खरी परीक्षा.

स्केल यांनी याचा संबंध इलेक्ट्रॉनांच्या स्पिनशी जोडला. सिंग्लेट कार्बीनमध्ये दोन मोकळे इलेक्ट्रॉन जोडीनं असतात, म्हणून दोन्ही बंध एकत्र जुळू शकतात. ट्रिप्लेटमध्ये स्पिन एकाच दिशेचे. एक बंध झाल्यावर दुसऱ्यासाठी स्पिन उलटायची वाट पाहावी लागते आणि तेवढ्यात बंध फिरून घेतो. डायक्लोरोकार्बीन मुळातच सिंग्लेट, कारण क्लोरीन आपली जोडी कार्बनच्या रिकाम्या ऑर्बिटलकडे झुकवून त्या अवस्थेला सावरतो. साध्या मिथिलीनची स्थिर अवस्था मात्र ट्रिप्लेट. ते तयार होताना सिंग्लेट असतं, पण भोवती निष्क्रिय वायू भरपूर असला की टकरा खात खात ट्रिप्लेटवर उतरतं आणि मग भेसळ दिसू लागते. एक मर्यादा राहतेच : बंध फिरायच्या आत कडं मिटलं, तर दोन टप्प्यांची भरही स्टिरिओस्पेसिफिकच दिसेल.

आमच्या प्रयोगशाळेत हे आलं ते १९६९ मध्ये वॉर्साच्या माकोशा यांनी काढलेल्या वाटेनं. ५० टक्के कॉस्टिक सोडा, क्लोरोफॉर्म आणि चिमूटभर बेंझिल ट्रायइथिल अमोनियम क्लोराइड. हा क्षार ट्रायक्लोरोमिथिल आयनाला सेंद्रिय थरात ओढून नेतो, तिथं पाणी कमी, म्हणून कार्बीन अल्कीनला गाठतं. ढवळणं मंद पडलं की दोन थर वेगळे होतात आणि काम थांबतं. नीट चाललं की मिश्रण दाट, दुधाळ होतं. आधी ते नुसतं कोमट वाटतं, मग अचानक तापतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, खोलीच चाळिशीला टेकलेली असताना, बर्फाचं पातेलं शेजारी नसेल तर क्लोरोफॉर्म कंडेन्सरमधून उडून जातं. आणि फ्लास्क अॅसिटोननं धुतला असेल तर पूर्ण वाळवावा : अॅसिटोन, क्लोरोफॉर्म आणि अल्कली एकत्र आले की भडका उडू शकतो.

सिस-ब्युटीन ४ अंशांच्या आसपासच उकळतं, आमच्या बाकावर ते कोण सांभाळणार? म्हणून मी हल्ली प्रोजेक्टला बडीशेपेच्या तेलातलं अॅनेथोल देतो. ते ट्रान्स असतं, २१-२२ अंशांना वितळतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी बाटलीत गोठलेलं आणि दुपारी पातळ. उत्पादनाच्या एनएमआरमध्ये कड्यावरच्या दोन हायड्रोजनांचं कपलिंग पाहायचं. इथं पोरं फसतात : अल्कीनमध्ये ट्रान्सचं कपलिंग मोठं असतं, सायक्लोप्रोपेनमध्ये सिसचं. ट्रान्स दिसलं, की जर्नलमध्ये 'अॅनेथोलमधून ट्रान्स उत्पादन मिळाले' एवढंच लिहायचं. 'सिद्ध झाले' लिहायला सिस अॅनेथोलही लागेल, आणि ते आमच्याकडे नाही.