सेकंड-हँड की रिफर्बिश्ड? जुनं एस्प्रेसो मशीन घेताना काय बघायचं

समजा दोन जाहिराती आहेत, दोन्हीकडे गॅजिया क्लासिक हे घरगुती एस्प्रेसो मशीनच, एक "युज्ड" आणि दुसरी "रिफर्बिश्ड", आणि दुसरीला सात-आठ हजार जास्त. आपण लगेच धरून चालतो की जास्तीचे पैसे म्हणजे आतलं काम झालेलं असणार. तसं काही नाही हो. बाईक विकायच्या आधी लोक धुवून पॉलिश मारतात ना, तसं नुसतं पुसून, डिस्केल करून म्हणजे आतले क्षार काढूनही रिफर्बिश्ड म्हणणारे आहेत. फरक खरा एवढाच की युज्ड घेताना तुम्ही मशीनचा इतिहास विकत घेता आणि रिफर्बिश्ड घेताना कुणीतरी केलेलं काम, त्यामुळे विचारायचे प्रश्नही वेगळे.

युज्डवाल्याला विचारा पाणी कुठलं वापरलं, आरओचं की बोअरचं, डिस्केल कशाने करायचात, मशीन बंद किती दिवस पडून आहे. गॅजिया क्लासिकच्या बहुतेक मॉडेल्समध्ये छोटा अ‍ॅल्युमिनियमचा बॉयलर असतो, त्यामुळे कडक पाण्याने आत क्षार बसतात आणि ते काढायला कुणी व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं असेल तर धातूच खाल्ला जातो. "डिस्केल कधी केलंच नाही, गरजच पडली नाही" असं उत्तर आलं आणि टाकीच्या तळाला पांढरा थर दिसला तर किंमत पाडायची किंवा सरळ निघायचं.

रिफर्बिशवाल्याला मात्र एकच प्रश्न, पण नेटाने: नवीन काय टाकलं? ग्रूप गॅस्केट म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे बसतो तिथली रबरी रिंग, पाणी पसरवणारी शॉवर स्क्रीन, बॉयलरची सील, एवढी नावं त्याने न अडखळता सांगायला हवीत आणि बॉयलर उघडल्याचा फोटो असला तर उत्तमच. फक्त गॅस्केट बदललंय म्हणाला तर ते काही शे रुपयांचं, घरी बदलता येण्यासारखं काम आहे, त्याचे आठ हजार कशाला द्यायचे? वॉरंटी असेल तर बिलावर लिहून घ्या, पंप आणि बॉयलर त्यात आहेत का तेही. "काही झालं तर फोन करा" याला वॉरंटी म्हणत नाहीत.

टेस्ट मात्र दोन्हीची सारखीच. आधीच सांगून ठेवा की मी यायच्या आत मशीन चालू करू नका. थंड मशीन डोळ्यासमोर चालू झालं की हीटरमधून करंट गळत असेल तर घरातला ईएलसीबी पडतो, आणि आधीच तापवून ठेवलेल्या मशीनमध्ये अशी लबाडी लपून जाते. पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, तोवर खाली टिश्यू पेपर घालून ठेवा. मग पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचा दांडीवाला भाग, न लावता पाणी सोडा, शॉवर स्क्रीनमधून सगळीकडून सारखं पडायला हवं, एकाच कोपऱ्यातून धार येत असेल तर आत कॉफीचं तेल नाहीतर क्षार अडकलेत.

आता खरी परीक्षा. भोक नसलेली ब्लाइंड बास्केट सोबत न्या (क्लासिकला ५८ एमएमची लागते), पोर्टाफिल्टरमध्ये लावा आणि पाच-सहा सेकंद पंप चालवा. पंपाचा आवाज जड व्हायला हवा, आणि स्विच बंद करताच मागच्या नळीतून ड्रिप ट्रेमध्ये फस्सकन पाणी सुटायला हवं. सुटलं नाही तर प्रेशर सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बहुतेक तुंबलाय, तो बऱ्याचदा साफ करून सुटतो, पण भाव करायला कारण मिळालं. आणि पोर्टाफिल्टर झटक्यात काढू नका, प्रेशर अडकलेलं असेल तर गरम पाणी अंगावर येतं.

गळती कुठून होतेय त्यावर सगळं आहे. पोर्टाफिल्टरच्या कडेने थेंब आले तर बहुतेक गॅस्केट कडक झालंय, चिंता नाही. पण टिश्यू पेपर मशीनच्या पोटाखाली ओला झाला, किंवा झाकण उघडल्यावर पितळी जोडांवर हिरवट-निळसर बुरशीसारखं दिसलं तर पाणी बरेच दिवस झिरपतंय, आणि तिथे "रिफर्बिश्ड" लिहिलेलं असेल तर विक्रेत्याने झाकणच उघडलेलं नाही.

स्टीम शेवटी बघा. स्टीमचा स्विच लावून लाइट आल्यावर वाल्व्ह उघडायचा, सुरुवातीचं पाणी निघून गेलं की कोरडी जोरदार वाफ यायला हवी, आणि बंद केल्यावर वाफेच्या दांडीतून टपटप नको. बॉयलर छोटा आहे, जोर थोड्या वेळाने कमी होणारच, तो दोष धरू नका.

अजून एक, परदेशातून कुणी आणलेलं स्वस्तात मिळतंय म्हणून उड्या मारू नका. खालची पाटी वाचा. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर दीड किलोवॅटच्या आसपासच्या मशीनला भला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि व्होल्टेज जमवलं तरी हर्ट्झ ६० चे ५० झालेले असतात, व्हायब्रेशन पंप त्यावरच चालतो, तो बदलून घ्यावा लागतो. कितीही चकाचक रिफर्बिश केलेलं असलं तरी नाही म्हणा.