रकाने आणि काळ: सायकोसिसच्या फॉर्म्युलेशनमागचा इतिहास

केस कॉन्फरन्समध्ये रेसिडेंट फळ्यावर फॉर्म्युलेशनचा, म्हणजे रुग्णाचा आजार कशातून आला याच्या मांडणीचा, जो तक्ता काढतो, त्याचे तीन थर आपल्या ओळखीचे आहेत: जैविक, मानसिक, सामाजिक. ते १९७७ साली 'सायन्स'मध्ये छापून आलेल्या जॉर्ज एंगल यांच्या लेखातून आले. गंमत म्हणजे एंगल हे मूळचे फिजिशियन. याच वर्षी झुबिन आणि स्प्रिंग या मानसशास्त्रज्ञांनी स्किझोफ्रेनियाबद्दल म्हटलं, की माणसात असुरक्षितता आधीपासून असते आणि ताण पुरेसा वाढला की आजार उघड होतो. तक्त्यातले आडवे रकाने, म्हणजे पूर्वकारक, तत्कालकारक, टिकवणारे आणि संरक्षक घटक, या विचाराशी जुळणारे आहेत.

पण रकान्यांचा खरा पूर्वज त्याहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मनोविकारतज्ज्ञ अॅडॉल्फ मायर रुग्णाचा जीवनालेख मांडत: कोणत्या वयात काय घडलं आणि लक्षणं कधी आली. रकाने म्हणजे काळ, हे तक्ता भरताना विसरलं जातं.

एक कल्पित केस घेऊ. वीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. खोलीत कॅमेरे आहेत म्हणतो, आवाज ऐकतो. रेसिडेंट 'गांजा' तत्कालकारकात लिहून मोकळा होतो. मग मुलाच्या ताईला विचारून तारखा लावतो. मार्चपासून हा मुलगा जेवणाच्या टेबलावर बोलेनासा झाला, जुलैत वर्गात जाणं थांबलं, गांजा ऑगस्टमध्ये सुरू झाला, आवाज नोव्हेंबरात आले. पुढचे दोन महिने देवऋषी झाला, जानेवारीत दवाखाना.

आता गांजा एकट्याने सुरुवात केली असं म्हणता येत नाही. माघार आधीची आहे. झोप लागावी म्हणून त्याने ओढायला घेतला असेल, आणि मग त्यानेच आजार भडकवला आणि टिकवला असेल. मामाला असाच आजार होता, तो पूर्वकारकात जातो. उपचाराविना गेलेला काळ मात्र मार्चपासून नव्हे, आवाजांपासून मोजायचा: सुमारे दोन महिने. माघारीला सायकोसिस म्हणून मोजलं तर आकडा उगाच फुगतो.

ताप, झटके, जाणिवेतले चढउतार किंवा कॅटॅटोनिया दिसला तर तक्ता बाजूला ठेवून आधी एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूचा दाह, तपासायचा. २००७ मध्ये एनएमडीए रिसेप्टरविरोधी प्रकार स्पष्ट झाल्यापासून तो न तपासण्याची चूक माफीची राहिली नाही.

मॉडेलवर टीकाही आहे. मनोविकारतज्ज्ञ नासिर घाएमी म्हणतात, एंगलच्या चौकटीत कोणत्या घटकाला किती वजन द्यायचं ते सांगितलेलं नाही. मला ती टीका पटते. म्हणून रेसिडेंटला मी शेवटी एकच वाक्य लिहायला लावतो, ज्यात चुकीचं ठरण्याची सोय असेल: 'गांजा थांबून महिना झाला तरी आवाज राहिले, तर फक्त गांजामुळे झालेला सायकोसिस ही शक्यता मागे पडेल.' चौथ्या आठवड्याची तारीख त्याखाली घालायची.