लॉक फाइल उडवण्याचा तोडगा

मेल अडकली की इनबॉक्सशेजारची `.lock` फाइल उडवून टाकायची, हा तोडगा अनेकांना तोंडपाठ असतो. दृष्ट काढण्यासारखाच प्रकार आहे. कधी लागू पडतो, कधी निम्मा इनबॉक्स घेऊन जातो.

ती फाइल असते एमबॉक्समुळे. या पद्धतीत सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये एकाखाली एक असतात आणि `From ` ने सुरू होणारी ओळ दिसली की तिथून नवं पत्र धरायचं. (म्हणून मजकुरातली ओळही `From ` ने सुरू झाली, तर तिच्याआधी `>` घालतात.) नवं पत्र शेवटी जोडणं सोपं. पण सरासरी 40 केबीची 50,000 पत्रं, म्हणजे 2 जीबीची फाइल असेल आणि पहिलंच पत्र काढायचं असेल, तर मागचं सगळं पुढे सरकवून पुन्हा लिहावं लागतं. तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रामने त्याच फाइलमध्ये नवं पत्र लिहिलं तर दोन्हींची खिचडी. लॉक हवं ते यासाठी. त्यातही एक प्रोग्राम `.lock` फाइल पाहतो आणि दुसरा फक्त `fcntl` हे ऑपरेटिंग सिस्टमचं लॉक, असं झालं तर दोघांनाही रस्ता मोकळाच दिसतो.

मेलडिर ही पत्रं साठवण्याची दुसरी पद्धत. तिच्यात प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते आणि फोल्डरात `tmp`, `new`, `cur` अशा तीन डिरेक्टऱ्या. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी केलेली ही रचना मला फार आवडते. पत्र आधी `tmp` मध्ये पूर्ण लिहायचं, डिस्कवर उतरलं याची खात्री करायची आणि मग नाव बदलून `new` मध्ये न्यायचं. एकाच फाइलसिस्टममध्ये नाव बदलणं अखंड असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला पत्र एकतर दिसत नाही, नाहीतर पूर्ण दिसतं. मध्येच वीज गेली तर अर्धवट तुकडा `tmp` मध्येच पडून राहतो. पत्र वाचलं की तेही नावातच नोंदवतात:

```
new/1718000000.P4127.host1
cur/1718000000.P4127.host1:2,S
```

शेवटचा `S` म्हणजे 'वाचलं'. पत्र पोचवायला लॉक लागतच नाही.

'मेलडिरला लॉक कधीच लागत नाही' ही मात्र जाहिरातबाजी. यादी वाचत असताना दुसऱ्याने नाव बदललं तर ते पत्र क्षणभर नाहीसं झाल्यासारखं वाटतं. डवकॉट हा मेल सर्व्हर तर पत्रांचे क्रमांक ठेवणाऱ्या आपल्या `dovecot-uidlist` फाइलसाठी लॉक घेतोच.

वेगाचं म्हणाल, तर जुन्या, न बदलणाऱ्या संग्रहात शब्द शोधायला एमबॉक्स बरा, कारण एकच फाइल सलग वाचायची. मेलडिरमध्ये 50,000 फाइली उघडाव्या लागतात. बॅकअपमध्येही तेवढ्याच फाइली तपासत बसावं लागतं, पण कॉपी होतात फक्त नव्या आणि नाव बदललेल्या. रोजच्या वापरातल्या एमबॉक्समध्ये एक पत्र आलं तरी फाइलवार बॅकअप अख्खे 2 जीबी पुन्हा साठवतो. शिवाय कॉपी चालू असतानाच कुणी पत्र काढलं, तर बॅकअपमधली फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी होते. हे उघडकीला येतं ती परत आणल्यावर: कुठलं तरी पत्र मध्येच तुटतं आणि तिथून भलत्याच पत्राचा मजकूर सुरू होतो.