दहा रुपयाला एक पक्षी

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी माती खाल्ली. माझा भाचा नऊ वर्षांचा, नेरुळला राहतो, आणि खाडीकडच्या पाणथळ जागेवर जाऊन पक्षी बघायचा नाद त्याला आपोआप लागला होता. कोणी शिकवलं नव्हतं. महिन्याभरात वहीत पाचच पक्षी होते, पण प्रत्येकावर अर्धं पान. वंचक नावाच्या बगळ्याखाली लिहिलं होतं, "बसला की मातीसारखा, उडाला की पांढराशुभ्र, हे कसं काय." मला इतकं कौतुक वाटलं की मी तिथेच जाहीर करून टाकलं, नवीन पक्ष्याला दहा रुपये!

पहिल्या आठवड्यात तेवीस पक्षी आले, म्हणजे दोनशेतीस रुपये गेले. ताई म्हणाली बघ कसा मोटिवेट झालाय. मग वही उघडली तर एकेका पक्ष्याला एकेक ओळ, त्यात दोनदा नुसतं "ब्राउन पक्षी", आणि त्याने सरळ विचारलं, "मामा, तोच ब्राउन पुन्हा दिसला तर चालेल का?" सुट्टी संपली, मी ठाण्याला घरी आलो, पैसे बंद झाले आणि वही तीन आठवडे टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली. आधी फुकट करत होता ते आता फुकटसुद्धा करेना.

याच्यावर 1973 साली झालेला एक प्रयोग आहे आणि मला तो मानसशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी वाटतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला. आधी गुपचूप बघून ठेवलं की कोणत्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं, आणि फक्त तीच मुलं घेतली (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). मग तीन गट केले. पहिल्याला आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी स्टार आणि लाल रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही, चित्र झाल्यावर तेच सर्टिफिकेट अचानक हातात दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. त्यानंतर आठ-पंधरा दिवस जाऊ दिले, आणि मग रोजच्या मोकळ्या खेळाच्या वेळी बक्षिसाचं नावही न काढता पेनं टेबलावर ठेवली आणि कोण किती वेळ तिथे रमतो ते मोजलं.

बक्षीस नसलेली मुलं त्या मोकळ्या वेळेतला साधारण 17 टक्के वेळ चित्रं काढत बसली, अचानक बक्षीस मिळालेली 18 टक्के, आणि आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली जेमतेम साडेआठ टक्के. म्हणजे निम्म्यावर. शिवाय बक्षिसासाठी काढलेली चित्रं परीक्षकांना, कोणत्या गटाची आहेत हे माहीत नसताना, कमी दर्जाची वाटली होती. आमचा ब्राउन पक्षी!

गंमत दुसऱ्या गटात आहे बघा. सर्टिफिकेट तेच, स्टार तोच, तरी गोडी कमी झाली नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, "हे केलंस तर ते देईन" या कराराचा आहे. माणूस, लहान असो की मोठा, आपण एखादी गोष्ट का करतो हे बऱ्याचदा स्वतःच्या वागण्याकडे बाहेरून बघितल्यासारखं ठरवतो. मी चित्र काढतोय, कोणी सांगितलं नाही, म्हणजे मला आवडत असणार. पण समोर सर्टिफिकेट कबूल केलेलं असलं की दुसरं, जास्त ठळक कारण हजर होतं, मी सर्टिफिकेटसाठी काढतोय, आणि मग आवडीचं कारण फालतू ठरून मागे पडतं. पुढे सर्टिफिकेट गेलं की हातात एकही कारण उरत नाही.

मेंदूतही याची खूण दिसते. 2010 साली मुरायामा आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून एक स्टॉपवॉच दिलं, बरोबर पाच सेकंदाला बटण दाबायचं, एवढंच. ऐकायला येडपट वाटतं पण करून बघा, सोडवत नाही. एका गटाला प्रत्येक अचूक दाबण्याला पैसे होते, दुसऱ्याला कराराशिवाय खेळायला सांगितलं. पुढच्या फेरीत कोणालाच पैसे नाहीत, आणि पैसेवाल्या गटात मेंदूचा स्ट्रायेटम नावाचा भाग, जो बक्षीस किंवा यश मिळालं की पेटतो, तो जवळजवळ गप्प झाला, दुसऱ्या गटात मात्र बरोबर दाबलं की पेटतच होता. खेळ तोच, जिंकणं तेच, पण पहिल्या गटाला नुसत्या जिंकण्याचं काही वाटेनासं झालं. (यावरून "डोपामाइन डिटॉक्स" आणि डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या मिडब्रेन क्लासवाल्यांनी लगेच पोस्टर छापू नये. डोळे बांधून वाचणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, त्यात विज्ञान तेवढंच.)

आता मर्यादा. प्रयोगातली मुलं आधीच आवड असलेली होती, म्हणून तर कमी व्हायला काहीतरी होतं. पाढे पाठ करणं, बाथरूम धुणं यात गोडीच नसेल तर पैसे देऊन बिघडणार काय, तिथे खुशाल द्या. 1999 साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी 128 प्रयोग एकत्र तपासले तेव्हाही निघालं ते हेच, की आधी ठरवलेलं हातात मिळणारं बक्षीस आवडीच्या कामात गोडी मारतं, अनपेक्षित बक्षीस मारत नाही. शाबासकी बऱ्याचदा गोडी वाढवतेच, फक्त "शाब्बास, असंच करायचं असतं" यात हुकूम आहे, आणि "पंख उडताना पांढरे दिसतात हे तू पकडलंस" यात माहिती आहे. दुसरी शाबासकी द्यावी. या निष्कर्षांवर संशोधकांमध्ये बरीच भांडणंही झाली आहेत, नुकसान होतं ते फारच मर्यादित परिस्थितीत असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं.

मग मी काय केलं? आधी गप्प बसलो, कारण गोडी परत आली की नाही याची टेस्ट एकच, वही समोर दिसेल अशी ठेवायची, तिचा विषय काढायचा नाही, आणि कोणी बघत नसताना ती उघडते का बघायचं. जानेवारीत उघडली, पण आकडा वाढवायला. तेव्हा लक्षात आलं की पैसे गेले तरी टार्गेट पैशांच्याच आकाराचं राहिलंय, "किती पक्षी". आकड्याचं टार्गेट असलं की ओळखीच्या पक्ष्याकडे दुसऱ्यांदा बघणं म्हणजे वेळ वाया, आणि मजा तर सगळी दुसऱ्यांदा बघण्यातच असते. मग त्याला म्हटलं, आकडा सोड, तुला यातलं काय कळलं नाही ते सांग. तो म्हणाला, पुस्तकात वंचकाची पाठ लालसर दाखवलीय, आपला तर मातकट आहे, पुस्तक चुकलंय का?

ते चुकलेलं नव्हतं, पावसाळ्याआधी विणीच्या काळात ती पाठ गडद किरमिजी होते. पण मी सांगितलं नाही. मी म्हटलं, तूच अंदाज लिही. त्याने लिहिलं, होळीला. दर रविवारी कुठे बसायचं, काय लिहायचं हे त्यानेच ठरवलं, आणि बरोबर की चूक हे सांगायला मामाची गरजच नव्हती, पाठच सांगणार होती. होळी आली, पाठ मातकटच. मला वाटलं संपलं. तर त्याने होळी खोडून "शाळा सुटल्यावर" लिहिलं आणि खाली, "पण मानेला जरा बदामी रंग आलाय."

एप्रिल संपता संपता ताईचा फोन आला, मागून हा ओरडत होता, मामा झाली, झाली लाल. पैशांचं नाव नाही. मी पुढच्या वेळी जाताना न सांगता एक जुनी दुर्बीण घेऊन गेलो. त्याने विचारलं, "हे कशाबद्दल?" मी म्हटलं, कशाबद्दल नाही, माळ्यावर पडली होती.